'बा' म्हणजे बाप की आजी?

मंडळी, आज जरा लांबच्या मुलखातली गोष्ट. व्हिएतनामी माणूस मोबाइलवरून निरोप धाडतो तेव्हा पुष्कळदा आपल्या लिपीतल्या सगळ्या खुणा गाळून टाकतो. आपण काना-मात्रा-वेलांटी गाळून लिहावे, तसलाच प्रकार. तरी वाचणाऱ्याला ते कळते. हे कसे, याचा मी काही दिवस पाठपुरावा केला. जे हाती लागले ते इथे मांडतो.

आधी थोडा इतिहास. सतराव्या शतकात तिकडे गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी ही भाषा रोमन अक्षरांत लिहायची पद्धत बसवली. त्यांच्यापैकी अलेक्झांडर द ऱ्होड्स यांचा कोश १६५१ साली रोमला छापला गेला. अडचण अशी होती की या भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो. हनोईकडच्या बोलीत असे सहा सूर आहेत. एकच 'मा' सहा सुरांत म्हटला तर भूत, आई, पण, थडगे, घोडा आणि भाताचे रोप असे सहा अर्थ होतात. म्हणून स्वरावर सुराची खूण द्यायची असे ठरले. पाच सुरांना पाच खुणा, सहावा बिनखुणेचा. शिवाय 'ओ'सारख्या स्वरांचे प्रकार दाखवायला निराळी टोपी किंवा शेपटी. त्यामुळे एकेका अक्षराच्या डोक्यावर कधीकधी दोन मजले चढतात.

पुढे तारा आल्या. तारेच्या यंत्राला ही टोपी-शेपटी कुठून कळणार? मग एक छान युक्ती निघाली. व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी s, f, r, x, j ही अक्षरे कधीच येत नाहीत. तेव्हा तीच शेवटी जोडून पाच सूर दाखवायचे आणि टोपीसाठी स्वर दोनदा लिहायचा. या पद्धतीला टेलेक्स म्हणतात. आज संगणकावर baf टाइप केले की पडद्यावर bà उमटते, ते याच तारेच्या पुण्याईने.

मोबाइलच्या निरोपात मात्र ही सोय कामी आली नाही. तिथला घोळ गणिताचा आहे. १९८०च्या दशकात एका निरोपाला १४० बाइट जागा ठरली. एका बाइटमध्ये आठ घरे, म्हणजे एकूण ११२० घरे. साध्या अक्षराला सात घरे लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. पण ठरलेल्या तक्त्याबाहेरचे एक जरी अक्षर आले, तरी सबंध निरोप दुसऱ्या पद्धतीने पाठवावा लागतो आणि तिथे प्रत्येक अक्षराला सोळा घरे. ११२० भागिले १६ म्हणजे फक्त ७०! एका खुणेपायी निरोप निम्म्याहून कमी होतो. मजकूर त्यापुढे गेला की दुसऱ्या निरोपाचे पैसे. देवनागरीलाही हाच ७०चा हिशेब लागतो, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. मुलांनी एके काळी आपल्याला रोमन अक्षरांत मराठी निरोप का धाडले, याचे एक कारण हेही होते.

यातली गंमत अशी की तो तक्ता युरोपातल्या भाषांसाठी केलेला. त्यात à आहे, पण á नाही. म्हणजे व्हिएतनामीतल्या काही खुणा फुकटात जातात, बाकीच्या महागात पडतात. कोणती खूण कुठली, हे कोण लक्षात ठेवणार? त्यातून समोरच्याच्या जुन्या फोनवर अक्षराऐवजी नुसते चौकोन उमटायची भीती. मग लोकांनी सरसकट सगळ्याच खुणा सोडल्या.

आता वाचायचे कसे ते पाहू. उदाहरणादाखल मी एक निरोप बांधला आहे. हनोईजवळच्या गावातून धाकट्या बहिणीने परगावी असलेल्या भावाला धाडला असे समजा:

```
Ba om nang, sang mai mo. Anh dung ve muon.
```

कोश उघडून एकेक शब्द पाहिला तर वेड लागेल. om म्हणजे आजारी किंवा मिठी मारणे. nang म्हणजे जड, ऊन किंवा 'ती'. पहिल्या तीन शब्दांचा अर्थ 'बाबांनी तिला मिठी मारली' असाही होऊ शकतो, आणि व्याकरणाने तो चूकही नाही! म्हणून मुरलेला अनुवादक पहिल्या शब्दापासून सुरुवात करत नाही. तो आधी जोड्या शोधतो, कारण या भाषेत प्रत्येक अवयव सुटा लिहितात, पण अर्थ बहुधा दोन-दोन अवयवांच्या जोडीत असतो. sang mai ही नेहमीची जोडी, 'उद्या सकाळी'. दुसरे काही सहसा होत नाही. ve muon मध्ये muon म्हणजे 'हवे असणे', 'उसने घेणे' किंवा 'उशिरा'. पहिल्या दोहोंच्या पुढे काहीतरी यावे लागते, इथे तर वाक्यच संपले. म्हणजे 'उशिरा येणे'. मग त्याच्या आधीचा dung हा 'नको' एवढाच उरतो, कारण 'बरोबर', 'उभा राहा', 'वापर' हे अर्थ तिथे बसत नाहीत. mo म्हणजे उघडणे, स्वप्न पाहणे किंवा शस्त्रक्रिया. 'उद्या सकाळी' आणि 'उशीर करू नकोस' यांच्या मध्ये शस्त्रक्रियाच शोभते, आणि ती आली की om nang म्हणजे 'फार आजारी' हे आपोआप ठरते. मिठी सुटली!

शेवटी उरतो पहिला शब्द, आणि सगळ्यात मोठा प्रश्न तोच: आजारी कोण? बिनखुणेचा ba म्हणजे बाबा, खुणेचा bà म्हणजे आजी. आपल्याकडेही खेड्यात बापाला 'बा' म्हणतात, तेव्हा मला हे वाचून गंमत वाटली. इथे अनुवादकाला गाव उपयोगी पडते. उत्तरेत बापाला bố म्हणतात, ba ही दक्षिणेकडची आणि मध्य भागातली हाक. शिवाय आजारी या अर्थी ốm हा शब्द उत्तरेतला. दक्षिणेत त्याचा अर्थ 'बारीक, रोड' असा होतो, आजाराला ते bệnh म्हणतात. म्हणजे निरोपाची बोली उत्तरेची, आणि आजारी आहे ती आजी. खुणा घातल्या की निरोप असा:

```
Bà ốm nặng, sáng mai mổ. Anh đừng về muộn.
```

'आजी फार आजारी आहे, उद्या सकाळी ऑपरेशन. दादा, यायला उशीर करू नकोस.'

पण इथेही एक मेख आहे. घरात मुले झाली की तिकडची मोठी माणसे मुलांच्या नात्याने हाक मारतात. आपल्याकडे सून सासूला 'आजी' म्हणू लागते ना, तसेच. मग bà म्हणजे त्या भावाची सख्खी आईसुद्धा असू शकते! मध्य भागात तर ba आणि ốm दोन्ही एकाच घरात ऐकू येतील. हे अक्षरांतून सुटत नाही. अशा वेळी चांगला अनुवादक आपल्या मनाने 'आजी' लिहून मोकळा होत नाही. तो उलट विचारतो, 'नेमके कोण?' कोर्टात किंवा दवाखान्यात तर विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आपल्या मोडीचे वाचक असेच वाचत आले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पाळत नसत आणि शब्दही तोडत नसत. तरी कारकुनाला अर्थ लागे, कारण कागद कोणाचा, कोणाला आणि कशाबद्दल हे त्याला आधी ठाऊक असे.

आता स्मार्टफोन आले, खुणा फुकट झाल्या आणि तरुण मंडळी त्या घालूनच लिहितात. तरी बँकांचे निरोप तिकडे पुष्कळदा बिनखुणांचे असतात, आणि घाईत असलेला माणूस आजही खुणा सोडतो. घाई सहसा कधी असते? घरात कोणी आजारी असते तेव्हाच. म्हणजे चूक परवडत नाही नेमका तोच निरोप बोडका येतो.

असो. तुमच्यापैकी कोणाला असा रोमन मराठीतला निरोप आला असेल आणि त्यात घोटाळा झाला असेल, तर खाली जरूर लिहा.