प्रायोजकत्वासाठी ईमेल: छोट्या क्रीडा अकादमीने व्यावसायिकाला फायदे कसे सांगावेत?

प्रायोजकत्व आणि देणगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देणगी देणारा मोबदल्यात काही मागत नाही. प्रायोजक मात्र आपल्या व्यवसायाचे नाव ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या काळासाठी दिसावे म्हणून पैसे देतो. ‘मुलांच्या भवितव्यासाठी सहकार्य करावे’ एवढेच लिहिलेला ईमेल दुकानदार वर्गणीच्या मागणीसारखा वाचतो आणि बाजूला ठेवतो. म्हणून अशा ईमेलमध्ये प्रायोजकाला नेमके काय मिळणार, हे मोजता येईल अशा शब्दांत लिहावे लागते.

नाशिकचे उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. त्यामुळे धावण्याचा सराव ही इथल्या व्यावसायिकांना ओळखीची गोष्ट आहे. तरीही ‘आम्हीही असे खेळाडू घडवू’ हा प्रायोजकाचा फायदा ठरत नाही, कारण त्याची हमी कुणालाच देता येत नाही.

समजा, गंगापूर रोडवरील एका अकादमीत ६० मुले धावण्याचा सराव करतात. वर्षाची गरज ९०,००० रुपये आहे: सराव जर्सींसाठी ३०,०००, बाहेरगावच्या स्पर्धांच्या प्रवास-निवासासाठी ४०,००० आणि साहित्यासाठी २०,०००. एवढी रक्कम एकाच दुकानाकडे मागण्यापेक्षा ४०,००० रुपयांचा एक मुख्य प्रायोजक आणि १०,००० रुपयांचे पाच सहप्रायोजक शोधणे सोपे जाते. जवळच्या बुटांच्या दुकानाला पाठवायचा ईमेल असा लिहिता येईल:

विषय: ६० धावपटूंच्या सराव जर्सीवर आपल्या दुकानाचे नाव, एका वर्षासाठी

नमस्कार,

गंगापूर रोडवरील आमच्या अकादमीत ८ ते १८ वयोगटातील ६० मुले आठवड्यातून सहा दिवस धावण्याचा सराव करतात. बहुतेकांची घरे आपल्या दुकानाच्या परिसरातच आहेत. १०,००० रुपयांच्या सहप्रायोजकत्वात आपल्याला पुढील गोष्टी मिळतील:

१. सर्व ६० सराव जर्सींच्या पाठीवर दुकानाचे नाव (एकूण पाच नावांपैकी एक).
२. जानेवारीतील आमच्या स्पर्धेत मैदानावर ६ बाय ३ फुटांचा फलक. गेल्या वर्षी १८० स्पर्धक आले होते.
३. त्या दिवशी पालकांना बूट दाखवण्यासाठी एक टेबल.
४. वर्षअखेरीस फोटोंसह एक पानाचा अहवाल.

आपल्या रकमेतून २० जर्सी तयार होतील. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता सराव पाहायला यावे, ही विनंती. वेळ ठरवण्यासाठी बुधवारी फोन करतो.

आपला,
(नाव, पद, मोबाइल क्रमांक)

या ईमेलमध्ये प्रत्येक फायद्याला संख्या किंवा मुदत आहे, त्यामुळे वर्षअखेरीस तो मिळाला की नाही हे दोघांनाही तपासता येते. तिसरा मुद्दा फक्त बुटांच्या दुकानासाठी आहे. हाच ईमेल फिजिओथेरपिस्टला पाठवायचा असेल, तर टेबलाऐवजी पालकांसाठी अर्ध्या तासाचे मार्गदर्शन सुचवावे. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला, तर तो कोणाच्याच गरजेला लागू पडत नाही.

जे आपल्या हातात नाही, ते लिहू नये. सराव जर्सी अकादमीची असते. पण जिल्हा किंवा राज्य संघाच्या गणवेशावर काय छापायचे, हे संबंधित क्रीडा संघटना ठरवते. मैदान दुसऱ्या संस्थेचे असेल, तर फलकाची परवानगी आधी घ्यावी. मुलांचे फोटो जाहिरातीत वापरायचे असतील, तर पालकांची लेखी संमती हवी.

सर्वांत जास्त गोंधळ कराच्या बाबतीत होतो. ‘८०जी’ची सवलत देणगीवर मिळते आणि तीही संस्थेकडे तशी नोंदणी असेल तरच. जर्सीवर नाव छापण्याच्या बदल्यात आलेली रक्कम देणगी नसते. व्यावसायिक ती साधारणपणे जाहिरात खर्च म्हणून दाखवतो, त्यामुळे त्याला देणगीची पावती नव्हे तर बिल लागते. सातपूर किंवा अंबडमधील मोठ्या कंपनीकडे जातानाही हा फरक महत्त्वाचा आहे. सीएसआरच्या नियमांनुसार, उत्पादनाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआर खर्चात धरता येत नाही. त्यामुळे एकाच ईमेलमध्ये ‘सीएसआरमधून मदत करा’ आणि ‘जर्सीवर तुमचा लोगो लावू’ असे दोन्ही लिहिले, तर तो सीएसआर विभागातही अडकतो आणि जाहिरात विभागापर्यंतही पोहोचत नाही. कंपनीच्या कोणत्या खात्यातून पैसे मागायचे, हे आधी ठरवावे आणि फायद्यांची यादी त्यानंतर लिहावी.