एक मोटर बंद पडली, तर अख्खा ड्रोन का उलटतो?

आपल्या वऱ्हाडात, म्हणजे अकोला-अमरावतीकडे, सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटीवर फवारणी करणारे ड्रोन आता नवलाचे राहिलेले नाहीत. मला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न असा: "चारपैकी एक मोटर बंद पडली तर ताकद पाव भागच कमी झाली ना? मग ड्रोन हळूहळू खाली यायला पाहिजे. तो पलटी का मारतो?"

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर यंत्रशास्त्रातल्या एका साध्या युक्तीत आहे: केंद्रापासून दूर लागलेलं एक बल आपण केंद्रावर आणून ठेवू शकतो, पण त्याच्यासोबत एक बलयुग्म जोडावं लागतं. इंजिनिअरिंगची पोरं यालाच 'कपल' म्हणतात.

आधी हातातला मोबाईल घ्या

मोबाईल गुळगुळीत टेबलावर आडवा ठेवा. लांब कडेच्या बरोबर मध्यावर बोटाने हलकेच टिचकी मारा. तो साधारण सरळ सरकेल. आता तेवढीच टिचकी त्याच कडेच्या टोकाजवळ मारा. मोबाईल पुढेही सरकेल आणि गरकन फिरेलही. म्हणजे टिचकी एकच, पण तिचे परिणाम दोन झाले. हे दोन परिणाम वेगळे करून मोजायचे कसे, एवढंच आपल्याला शिकायचं आहे.

युक्ती काय आहे?

समजा टोकावर F एवढं बल लागलंय. वस्तुमान केंद्रावर आपण मनातल्या मनात आणखी दोन बलं लावू: एक F याच दिशेला आणि दुसरं तेवढंच, पण उलट दिशेला. ही दोन्ही एकमेकांना खोडतात, त्यामुळे वस्तूच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही.

आता आपल्याकडे तीन बलं झाली. टोकावरचं मूळ बल आणि केंद्रावरचं उलट बल यांची जोडी लावा. दोन्ही सारखी, समांतर, विरुद्ध दिशेची आणि एकमेकांपासून d अंतरावर. हेच बलयुग्म. ते वस्तूला ढकलत नाही, फक्त फिरवतं. उरलं केंद्रावरचं F. ते वस्तूला फिरवत नाही, फक्त ढकलतं. युग्माची ताकद अशी काढतात:

`M = F × d`

इथे d म्हणजे केंद्रापासून बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर. बल ज्या बिंदूवर लागलं तिथपर्यंतचं तिरपं अंतर घेतलं तर उत्तर चुकतं.

आता ड्रोनचा हिशेब करू

आकडे सोपे जावेत म्हणून एक नमुना ड्रोन घेऊ. भरलेल्या टाकीसकट वस्तुमान २४ किलो. हात चार: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक मोटर केंद्रापासून ०.७ मीटरवर. g म्हणजे १० धरला तर वजन २४० न्यूटन, म्हणून हवेत स्थिर राहायला प्रत्येक मोटर ६० न्यूटन उचलते.

समोरची मोटर बंद पडली. वर उचलणारे ६० न्यूटन गेले, म्हणजेच त्या जागी खाली ओढणारं ६० न्यूटनचं एक जादा बल आलं असं समजा. हे बल केंद्रावर आणलं की दोन गोष्टी मिळतात:

- केंद्रावर खालच्या दिशेने ६० न्यूटन.
- नाक खाली झुकवणारं ६० × ०.७ = ४२ न्यूटन-मीटरचं बलयुग्म.

पहिल्याचा परिणाम: ६० भागिले २४, म्हणजे २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा त्वरण. ०.२ सेकंदात ड्रोन जेमतेम ५ सेंटीमीटर खाली येतो.

दुसऱ्यासाठी जडत्व आघूर्ण लागतं, म्हणजे वस्तू फिरायला किती विरोध करते ते. वजनाचा बराचसा भाग मधोमध असलेल्या अशा ड्रोनसाठी ते २ किलो-वर्ग मीटर धरू. ४२ भागिले २, म्हणजे कोनीय त्वरण २१ रेडियन प्रति सेकंद वर्ग. त्याच ०.२ सेकंदात नाक ०.४२ रेडियन, म्हणजे सुमारे २४ अंश झुकतं.

बघा, ५ सेंटीमीटर घसरण आणि २४ अंश झुकाव! ड्रोन पडायच्या आधी उलटतो तो यामुळे. आणि एकदा तिरका झाला की उरलेल्या मोटरी त्याला वर उचलण्याऐवजी बाजूला ढकलू लागतात. तिथून पुढे आपला हिशेब लागू राहत नाही. तो सुरुवातीच्या क्षणापुरताच आहे.

मग वाचवता येत नाही का?

ते युग्म खोडायचं तर मागची मोटरही बंद करावी लागेल. झुकणं थांबेल, पण उरलेल्या दोन मोटरींना १२०-१२० न्यूटन, म्हणजे दुप्पट, उचलावं लागेल. शिवाय या मांडणीत समोरासमोरचे पंखे एकाच दिशेने फिरतात. त्यांचं उलट वळण खोडायला कुणीच उरत नाही, म्हणून ड्रोन स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागतो. सहा किंवा आठ मोटरींच्या ड्रोनला इथे जास्त वाव मिळतो, पण त्यासाठी उरलेल्या मोटरींत तेवढी शिल्लक ताकद हवी.

न बिघडलेल्या ड्रोनलाही हे लागू आहे

टाकी किंवा बॅटरी पुढे सरकवून बसवली आणि वस्तुमान केंद्र फक्त २ सेंटीमीटर पुढे गेलं, असं समजा. आता चारही मोटरींचं मिळून २४० न्यूटन बल केंद्रातून जात नाही. म्हणून कायमचं २४० × ०.०२ = ४.८ न्यूटन-मीटरचं युग्म लागतं. ते खोडायला समोरची मोटर सुमारे ६३.४ आणि मागची ५६.६ न्यूटनवर चालते. ड्रोन सरळ उडतो, बाहेरून काही कळत नाही, पण समोरची मोटर जास्त तापते.

हे ओळखायचं कसं? ज्या ड्रोनमध्ये आर्डूपायलट आहे, त्याच्या लॉगमध्ये `RCOU` नावाची नोंद असते. `C1`, `C2` असे तिचे रकाने असतात आणि मोटरींना गेलेले आदेश त्यात दिसतात. वारा नसताना एका जागी स्थिर ठेवलेल्या ड्रोनमध्ये एका बाजूचे आकडे सतत जास्त असतील, तर आधी वजनाची मांडणी तपासा. टाकी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा बघा. फरक फक्त भरलेल्या टाकीला दिसला, तर टाकीची जागा चुकली आहे.

ही युक्ती कुठे चालत नाही?

बल केंद्रावर हलवलं तर अख्ख्या वस्तूची हालचाल तीच राहते, पण आतला ताण तोच राहत नाही. टोकावरचे ६० न्यूटन ड्रोनचा हात वाकवतात. तेच बल केंद्रावर मांडलं तर कागदावर हातावर भारच दिसत नाही. त्यामुळे हाताचा सांधा किती मजबूत हवा हे ठरवताना बल मूळ जागीच ठेवा.

दुसरी अट दृढ वस्तूची. अर्धी भरलेली टाकी आत डचमळते, वस्तुमान केंद्र क्षणाक्षणाला सरकतं आणि आपला d बदलत राहतो. टाकीत आडवे पडदे घालतात ते हे डचमळणं कमी करायला.