आपल्या प्रश्नमंजूषेचा इतिहास : भांडणापासून नियमांपर्यंत

सोसायटीच्या गणेशोत्सवात संगीत खुर्ची आणि रांगोळी पहिल्यापासून होती. प्रश्नमंजूषा मागाहून आली आणि पहिल्याच वर्षी भांडण लावून गेली! ते भांडण कशावरून झालं हे नव्या सभासदांना माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

प्रश्न होता, "नळदुर्ग निजामी राजवटीतून कधी मुक्त झालं?" एका आजोबांनी ठामपणे सांगितलं, १३ सप्टेंबर १९४८. आमच्या चिठ्ठीवर होतं १७ सप्टेंबर. गुण दिले नाहीत. आजोबा म्हणाले, "अरे, सोलापूरकडून फौज आली ती पहिल्या दिवशीच इथं. मी लहान होतो, पण मला आठवतंय की!" त्यांचं खरंच होतं. पोलीस कारवाई १३ तारखेला सुरू झाली आणि त्याच दिवशी नळदुर्ग भारतीय सैन्याच्या ताब्यात आलं. निजामाने शरणागती पत्करली ती १७ तारखेला, आणि आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो तो त्या दिवशी. आजोबांचा संघ पाच गुणांनी हरला आणि पुढची दोन वर्षं ते फिरकले नाहीत. चूक त्यांची नव्हती, प्रश्नाची होती. तेव्हापासून प्रत्येक प्रश्न आधी दोघांना वाचायला देतो, एक तरुण आणि एक वयस्कर. दुसरं बरोबर उत्तर निघालं तर प्रश्न बदलतो.

दुसरा घोळ गुणांचा. आपल्याकडे ही स्पर्धा रुजली ती १९६७ साली कोलकात्यात नील ओ'ब्रायन यांनी घेतलेल्या खुल्या स्पर्धेपासून. १९७२ साली 'बोर्नव्हिटा क्विझ' रेडिओवर आलं, १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम'. तिथून घरोघरी एक पद्धत पोहोचली. प्रश्न ठरलेल्या संघाला, बरोबर आलं तर दहा गुण, नाही आलं तर शेजारच्या संघाला, पाच गुणांसाठी. आम्हीही तेच केलं.

त्यात खोट अशी. क, ख, ग, घ असे चार संघ, प्रत्येकाला तीन थेट प्रश्न. समजा क संघ कच्चा आहे, त्याला एकही आला नाही. ते तिन्ही प्रश्न सर्वांत आधी ख संघाकडे जाणार. म्हणजे ख संघाला पंधरा गुणांची जादा संधी मिळाली, ती केवळ खुर्ची कुठे आहे म्हणून. कच्च्या संघाच्या मागे बसायचं, एवढंच कसब!

यावर क्विझवाल्यांनी काढलेला तोडगा आपण घेतला. बरोबर उत्तराला कुणीही दिलं तरी दहाच गुण. आणि पुढचा प्रश्न उत्तर देणाऱ्या संघाच्या पुढच्या संघापासून सुरू. उदाहरणार्थ, पहिला प्रश्न क ला, चुकला. ख ने सांगितला. दुसरा ग पासून, त्याने सांगितला. तिसरा घ पासून; घ चुकला, क चुकला, ख ने सांगितला. चौथा पुन्हा ग पासून. आता मोजा : क आणि ख ला दोनदा, ग आणि घ ला एकदा संधी मिळाली. असं कितीही चाललं तरी फरक एकापेक्षा जास्त होत नाही. कुणालाच आला नाही, तर पुढचा प्रश्न त्याच पहिल्या संघापासून. मात्र मागच्याला इतरांची चुकलेली उत्तरं ऐकायला मिळतात, तेवढा फायदा उरतोच. म्हणून अर्ध्यात दिशा उलटी करतो.

संघ चिठ्ठ्या टाकून पाडतो. प्रत्येकात एक शाळकरी मूल, एक कॉलेजातलं, एक गृहिणी किंवा नोकरदार, एक आजी-आजोबा. फेऱ्या पाच : आपलं गाव, स्वयंपाकघर आणि शेत, सिनेमा-गाणी, खेळ, शाळेचं विज्ञान. पाचही फेऱ्यांना सारखेच गुण. एका वर्षी शेवटच्या फेरीला दुप्पट गुण ठेवले. आधीच्या चार फेऱ्यांत मागे पडलेला संघ तेवढ्या एका फेरीवर जिंकला. तिथेच ते बंद केलं. विज्ञानाची फेरी सगळे एकदम कागदावर लिहितात, त्यामुळे लाजरी मुलंही उत्तर देतात. गावच्या फेरीत अणदूर आणि नळदुर्ग मिळून खंडोबाची मूर्ती एकच का, हा प्रश्न आला की आज्या पोरांना दटावून पुढे सरसावतात.

बरोबरी झाली तर? पूर्वी आणखी एक प्रश्न विचारायचो; ज्याला माहीत, तो सुटला. आता काचेच्या बरणीत मोजून चिंचोके भरतो आणि आकडा बंद पाकिटात ठेवतो. दोन्ही संघ एकाच वेळी अंदाज लिहून देतात. जवळचा तो विजयी. पाठांतर इथे कामाला येत नाही. दोघांचा फरक सारखाच निघाला, तर दुसरी बरणी तयार असते.

आजोबा तिसऱ्या वर्षी परत आले, प्रश्न तपासायला. आज ते नाहीत, पण प्रश्न दोघांनी वाचायचा हा नियम आहे. येत्या मंडळाने तो मोडू नये, एवढीच विनंती.