जेव्हन्सचा प्रश्न आणि a + ab = a

मागच्या वेळी आपण जॉर्ज बूल यांच्या १८५४च्या ग्रंथापाशी थांबलो होतो. आज तिथून पन्नास वर्षं पुढे जायचं आहे, पण एकाच समीकरणाचं बोट धरून. समीकरण असं: a + ab = a. इंग्रजीत याला ‘अ‍ॅब्सॉर्प्शन लॉ’ म्हणतात. ab हा भाग a मध्ये आधीच आहे, म्हणून a त्याला सामावून घेतो. आपण त्याला सामावण्याचा नियम म्हणू.

तुम्ही म्हणाल, यात सिद्ध काय करायचं? दोन वर्तुळं काढा, छेद रंगवा, दिसलंच की. संचांपुरतं ते खरंही आहे. पण गंमत अशी की ज्यांच्या नावाने हे बीजगणित ओळखलं जातं, त्या बूल यांच्या पद्धतीत हे समीकरण नाही. नुसतं राहून गेलेलं नाही, बसतच नाही.

कारण त्यांची बेरीज. बूल यांच्या लेखी x + y लिहायचं तर x आणि y या दोन वर्गांत एकही गोष्ट समान असता कामा नये. ‘शिक्षक + डॉक्टर’ असं लिहिलंत, आणि गावात एक जण दोन्ही असला, की बेरीज अर्थहीन. मग a + ab चं काय होणार? ab तर सगळाच्या सगळा a मध्ये आहे!

१८६३ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या तरुणाने बूल यांना पत्रातून हाच प्रश्न विचारला. हेच ते पुढे अर्थशास्त्रात नाव काढणारे जेव्हन्स, तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती. त्यांचं म्हणणं, तर्कात x + x = x हा नियमच का मानू नये? ‘शिक्षक किंवा शिक्षक’ म्हणजे शिक्षकच. बूल यांनी ते मान्य केलं नाही. त्यांच्या बाजूने विचार केला तर कारण कळतं. त्यांच्या बीजगणितात वजाबाकी चालते. x + x = x च्या दोन्ही बाजूंतून x वजा करा, x = 0 उरतं. म्हणजे सगळेच वर्ग रिकामे! जेव्हन्स यांनी मग बूल यांची वजाबाकी सोडली आणि बेरीज ठेवली, ती ‘एक किंवा दुसरं किंवा दोन्ही’ या अर्थाने. त्यांचं पुस्तक १८६४ साली आलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बूल वारले.

आज आपण ज्याला बूलीय बीजगणित म्हणतो ते या अर्थाने जेव्हन्स यांच्या बाजूचं आहे. नाव मात्र बूल यांचं राहिलं. असो.

नवी बेरीज आली आणि एक गोष्ट उघड झाली. + आणि · यांचे नियम जोडीजोडीने येऊ लागले. जर्मनीत एर्न्स्ट श्रोडर यांनी (ते मांजरवाले श्रोडिंगर वेगळे, दरवेळी कोणीतरी विचारतं) १८७७च्या एका छोट्या पुस्तिकेत पान उभं दुभागलं. डावीकडे एक प्रमेय, उजवीकडे त्याची जोडी. ही दोन रकान्यांची रीत भूमितीत आधीपासून होती. फ्रान्समध्ये जेर्गोन यांनी १८२६च्या सुमारास प्रतलातल्या ‘बिंदू’ आणि ‘रेषा’ या शब्दांची अदलाबदल करून प्रमेयं अशीच शेजारी शेजारी छापली होती.

पण रकाने जुळतात हे दिसणं वेगळं, आणि ते जुळलेच पाहिजेत हे कळणं वेगळं. ते ‘का’ स्वच्छ दिसलं १९०४ साली. हार्वर्डचे एडवर्ड हंटिंग्टन यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये एक लेख लिहिला. त्यांनी म्हटलं, a, b म्हणजे वर्ग की विधानं की आणखी काही, हे विसरा. काही घटक आहेत, दोन क्रिया आहेत, आणि एवढी गृहीतकं आहेत. बाकी सगळं यातून काढा. आजच्या चिन्हांत त्यांची पहिली यादी अशी:

```
a + b = b + a              ab = ba
a + 0 = a                  a·1 = a
a + bc = (a + b)(a + c)    a(b + c) = ab + ac
a + a' = 1                 a·a' = 0
```

शिवाय क्रिया केल्यावर उत्तर त्याच घटकांत मिळतं, आणि निदान दोन वेगळे घटक आहेत, एवढं धरायचं. a' म्हणजे a चा पूरक.

आता ही यादी आरशात धरा. + च्या जागी ·, · च्या जागी +, 0 च्या जागी 1 आणि 1 च्या जागी 0. डावा रकाना उजवा होतो, उजवा डावा. यादी तीच राहते. हेच द्वैताचं तत्त्व. यादीतून मी एखादं प्रमेय सिद्ध केलं, तर त्या सिद्धतेची प्रत्येक ओळ आरशात धरली तरी प्रत्येक पायरीला आधार मिळतोच, कारण त्या पायरीच्या गृहीतकाची जोडी यादीत आहे.

इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो आत्ताच निस्तरू. द्वैत प्रमेयांना लागू आहे, एखाद्या ठरावीक x, y बद्दलच्या माहितीला नाही. कोणी सांगितलं की x + y = 1 आहे, तर त्यावरून xy = 0 म्हणता येत नाही. दोन संच मिळून सगळं व्यापतात, म्हणून ते एकमेकांपासून अलग असतातच असं थोडंच आहे?

आता यादीकडे पुन्हा बघा आणि काय नाही ते शोधा. a + a = a नाही. सामावण्याचा नियम नाही. आणि (a + b) + c = a + (b + c), म्हणजे साहचर्य, तेही नाही! ते हंटिंग्टन यांनी पुढे सिद्ध केलं, आणि त्या सिद्धतेत सामावण्याचे नियम लागतात. म्हणून आपला नियम साहचर्य न वापरता निघायला हवा.

आधी एक मदतीचं प्रमेय: a + 1 = 1. मागे एकदा हे विचारलं तेव्हा एका श्रोत्याने झटकन सांगितलं, ‘1 च्या जागी a + a' लिहा, दोन a एकत्र करा, a + a' उरेल, म्हणजे 1.’ सुटसुटीत आहे. पण a + (a + a') मधला कंस हलवला तो साहचर्याने, आणि दोन a चा एक केला तो जेव्हन्स यांच्या नियमाने. दोन्ही आपल्या हातात अजून नाहीत. यादीतूनच करायचं तर असं:

```
a + 1 = (a + 1)·1
      = 1·(a + 1)
      = (a + a')(a + 1)
      = a + a'·1
      = a + a'
      = 1
```

खरी चाल चौथ्या ओळीत आहे. (a + b)(a + c) = a + bc हे गृहीतक उलट्या दिशेने वापरलं, b म्हणजे a' आणि c म्हणजे 1 घेऊन. आता मूळ नियम:

```
a + ab = a·1 + ab
       = a(1 + b)
       = a(b + 1)
       = a·1
       = a
```

झालं. आणि आरशातलं a(a + b) = a वेगळं करायची गरज नाही. खात्री म्हणून करून बघायचं तर (a + 0)(a + b) पासून सुरू करा, a + 0·b येईल. मग a·0 = 0 हे मदतीच्या प्रमेयाचं प्रतिबिंब वापरा.

याहून सोपी वाटणारी एक वाट आहे आणि ती गोल फिरते. a + ab = (a + a)(a + b), a + a म्हणजे a, तर a(a + b). इथवर बरोबर. पण ‘आणि हे तर a च आहे’ म्हणताना आपण आरशातला तोच नियम वापरतो. त्याची सिद्धता मागितली तर तीच वाट पुन्हा a + ab पाशी आणून सोडते. दोन उधार घेणारे एकमेकांना जामीन राहावेत तसं! ओळखायची खूण अशी की प्रत्येक ओळीसमोर आधार लिहायचा. आधार यादीत नसेल, तर तो आधी कुठे सिद्ध केला ते दाखवता आलं पाहिजे.

बरं, a + bc = (a + b)(a + c) हे गृहीतक खरंच लागतं का? शाळेतल्या आकड्यांना ते लागू नाही. 2 + 3·4 म्हणजे 14, आणि (2 + 3)(2 + 4) म्हणजे 30. ते टाळून सामावण्याचा नियम निघेल का? निघणार नाही, आणि हे नुसतं ‘मला जमलं नाही’ असं नाही. फक्त 0 आणि 1 घ्या. गुणाकार नेहमीचा ठेवा, बेरीज ‘दोघांपैकी नेमकं एक’ अशी करा, म्हणजे 1 + 1 = 0. यादीतली बाकीची सातही समीकरणं पाळली जातात, हवं तर घरी तपासा. हे एकच मोडतं: a = 1, b = 1, c = 0 घेतलं तर डावीकडे 1, उजवीकडे 0. आणि a = b = 1 घेतलं की a + ab = 1 + 1 = 0. नियम कोसळला. उरलेल्या सातांतून तो निघत असता तर इथेही खरा ठरला असता. ही बेरीज हुबेहूब बूल यांची नाही, त्यांच्याकडे 1 + 1 ला वर्ग म्हणून अर्थच नव्हता. पण ‘दोन्ही’ला जागा न देणारी बेरीज घेतली तर काय गमावतो, ते इथे दिसतं.

शेवटी एक उदाहरण, संच नसलेलं. 30 चे विभाजक घ्या: 1, 2, 3, 5, 6, 10, 15, 30. बेरीज म्हणजे लसावि, गुणाकार म्हणजे मसावि. 0 चं काम 1 हा आकडा करतो, 1 चं काम 30 करतो, आणि a चा पूरक 30/a. सगळी यादी पाळली जाते. 6 आणि 10 चा मसावि 2, मग 6 आणि 2 चा लसावि 6. सामावला.

आता 30 ऐवजी 12 घ्या. 2 चा पूरक शोधू. त्याच्याशी मसावि 1 हवा, म्हणजे 1 किंवा 3. पण लसावि येतो 2 किंवा 6, 12 कधीच नाही. पूरक नाही, म्हणजे हे बूलीय बीजगणित नाही. तरी सामावण्याचा नियम इथे टिकतो. 4 आणि 6 चा मसावि 2, मग 4 आणि 2 चा लसावि 4. आपल्या सिद्धतेने पूरकाचा आधार घेतला होता, नियमाला स्वतःला पूरक लागत नाही.

हे डेडेकिंड यांना ठाऊक होतं. मसाविवरच्या १८९७च्या लेखात त्यांनी ‘ड्युआलग्रुप्पे’ नावाची रचना मांडली, आज तिला लॅटिस म्हणतात. तिथे पूरक नाही आणि वितरणही धरलेलं नाही. क्रमनिरपेक्षता, साहचर्य आणि सामावण्याचे दोन्ही नियम हीच गृहीतकं. हंटिंग्टन यांच्याकडे जे प्रमेय, ते इथे पाया आहे. आणि त्या पायावर जेव्हन्स यांच्या पत्रातला नियम एका ओळीत निघतो. a च्या जागी a(a + a) लिहायचं, कारण दुसरा सामावण्याचा नियम त्याला a म्हणतो, आणि मग पहिला लावायचा:

```
a + a = a + a(a + a) = a
```

प्रश्न असतील तर घेऊ.