मॉनिटर ते म्होरक्या : जबाबदारीच्या पाच पायऱ्या

आपल्या शाळांतील ‘मॉनिटर’ ही संस्था दोनशे वर्षांहून जुनी आहे. मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी असलेल्या आश्रमात अँड्र्यू बेल या पाद्र्याने थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेण्याची पद्धत बसवली आणि 1797 साली लंडनमध्ये तिचा अहवाल छापला. मलबारी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून आपल्याला ही वाट सुचली, असे तो सांगे. पुढे जोसेफ लँकेस्टरने याच धर्तीवर शेकडो मुलांचे वर्ग चालवले. एका शिक्षकात पुष्कळ मुले शिकू लागली, पण त्याबरोबर एक समजही रुजली : शिस्त राखायची ती नेमलेल्या मुलाने, बाकीच्यांनी फक्त त्याच्या नजरेला भ्यायचे. बडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा आपला मॉनिटर या समजुतीचाच वारस म्हणावा लागेल. तो वर्गाबाहेर गेला की शिस्तही त्याच्यामागे निघून जाते.

या समजुतीला उलटे करणारा माणूस शारीरिक शिक्षणातून आला. अमेरिकेतील डॉन हेलिसन हे 1970च्या दशकापासून शहरातील हलाखीत वाढणाऱ्या, शाळेला नकोशा झालेल्या मुलांबरोबर खेळाच्या तासाला काम करत होते. त्यांनी जबाबदारीच्या पायऱ्या मांडल्या. पहिली, इतरांचा मान राखून स्वतःला आवरणे. दुसरी, मनापासून भाग घेणे. तिसरी, कुणी न सांगता स्वतःचे काम ठरवणे. चौथी, इतरांना मदत करणे आणि पुढारपण घेणे. पाचवी, हे सारे मैदानाबाहेर नेणे. यात पुढारपण चौथ्या पायरीवर आहे, हे महत्त्वाचे. स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलाच्या हाती शिट्टी दिली, तर तो फक्त दुसरा मॉनिटर होतो.

उमापूरच्या (ता. गेवराई) सातवीच्या वर्गावर मी हे खो-खोतून करून पाहिले. या खेळात आठ गडी पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. बसलेल्याने ‘खो’ मिळण्याआधी उठले की फाऊल. म्हणजे पहिली पायरी नियमातच आहे. मात्र तो फाऊल पंच सांगतो. म्हणून आम्ही पंच काढून टाकला. आधी उठलेल्याने स्वतः हात वर करायचा.

तासाची मांडणी हेलिसन यांचीच ठेवली. आधी मुलांशी सहज बोलणे, मग आज कोणती पायरी ते दोन वाक्यांत सांगणे, मग खेळ, मग गोल बसून चर्चा. शेवटी प्रत्येकाने स्वतःविषयी अंगठा दाखवायचा : वर, आडवा किंवा खाली. सुरुवातीला सगळेच अंगठे वर असत. ती गुरुजींना खूश करण्याची सवय होती. आडवा अंगठा दाखवणाऱ्याला कुणी हसले नाही, शिक्षा झाली नाही, हे मुलांनी पाहिले, तेव्हा कुठे अंगठे खरे बोलू लागले.

मुलांच्या हाती तास किती द्यायचा, यासाठी हेलिसन अकॉर्डियनचा दाखला देतात. आपण पेटीचा भाता म्हणू. पहिल्या आठवड्यात शेवटची पाच मिनिटे मुलांनी स्वतः चालवली. तंटा झाला की ती दोनवर आणली, निभले की दहावर नेली. भाता मिटणे ही शिक्षा नव्हे. पुढच्या तासाला तो पुन्हा उघडतोच. इथे बिघाड ओळखण्याची एक खूण आहे. मुले एकमेकांना ‘तू शून्यावर’ म्हणू लागली, तर पायऱ्यांची जातपात झाली असे समजावे. पायरी त्या घटकेच्या वागण्याची असते, मुलाची नव्हे.

पाचव्या पायरीवर मात्र हा सिद्धान्त आमच्याकडे अडखळतो. शाळेत शिकलेली जबाबदारी मूल घरी नेईल, असे तो धरून चालतो. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातली कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. फडावरच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या, पाणी भरणाऱ्या मुलीला जबाबदारी काय शिकवायची? तिच्याकडे ती वयापेक्षा जास्तच आहे. नाही तो अधिकार. घरी ती कामाची असते, पण निर्णयात तिला कुणी विचारत नाही.

म्हणून आमच्या मैदानावर पाचवी पायरी उलटी चढावी लागते. लहानग्यांना कसे सांभाळतेस, हे तिला विचारून पाचवीच्या मुलांचा गट तिच्याकडे दिला. ती त्यांना पाटीवर बसवताना ओरडत नव्हती. एकेकाचे तोंड हाताने वळवत होती. कोणाला आधी पळवायचे, कोणाला विश्रांती द्यायची, हे तिने ठरवले आणि चर्चेत त्याचे कारणही सांगितले. गावाहून निघण्याच्या आदल्या दिवशी तिने आपला गट मैत्रिणीकडे सोपवला. कोण घाबरतो, कोण आधी उठतो, सगळे तोंडी सांगून. दुसऱ्या दिवशी तो गट ठरल्या वेळी मैदानावर आला. मॉनिटर गेल्यावर जे होत नाही, ते तिथे झाले.