अस्थिघनता अहवालातील टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर

टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर हे अस्थिघनता चाचणीच्या (डेक्सा स्कॅन) अहवालात छापले जाणारे दोन तुलनात्मक आकडे आहेत. तपासलेल्या व्यक्तीच्या हाडांची घनता निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीपेक्षा किती कमी किंवा जास्त आहे हे टी-स्कोअर सांगतो. तीच घनता समवयस्क व्यक्तींच्या सरासरीशी कशी जुळते हे झेड-स्कोअर सांगतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये ऑस्टिओपोरोसिस (अस्थिसुषिरता, हाडांचा ठिसूळपणा) आहे की नाही हे टी-स्कोअरवरून ठरवले जाते. झेड-स्कोअरचा उपयोग वेगळा आणि मर्यादित आहे. या दोन आकड्यांची गल्लत झाल्यास हाडे ठिसूळ असलेल्या वृद्ध स्त्रीचा अहवाल 'वयाच्या मानाने ठीक' समजून बाजूला ठेवला जाण्याचा धोका असतो.

## मोजणी

डेक्सा यंत्रातून दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून जातात. हाड आणि मऊ ऊती हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतात. त्या फरकावरून हाडातील खनिजाचे वजन काढले जाते आणि त्याला प्रतिमेत दिसणाऱ्या हाडाच्या क्षेत्रफळाने भागले जाते. म्हणून अहवालातील अस्थिघनता (बीएमडी) ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर या एककात असते. ही घनता आकारमानावर नव्हे, तर क्षेत्रफळावर आधारलेली असल्यामुळे लहान चणीच्या स्त्रीची घनता प्रत्यक्षापेक्षा काहीशी कमी दिसू शकते.

सामान्यतः कंबरेचे पहिले चार मणके (एल१ ते एल४) आणि एका बाजूचा खुबा तपासला जातो. खुब्याचे दोन आकडे निदानासाठी धरतात: मांडीच्या हाडाच्या मानेचा आणि संपूर्ण खुब्याचा. अहवालात 'वॉर्ड त्रिकोण' या भागाचा आकडा असला तरी तो निदानासाठी वापरत नाहीत. खुबा किंवा मणके मोजता येत नसल्यास हाताच्या पुढच्या भागातील रेडियस हाडाचा मनगटाकडून एक-तृतीयांश अंतरावरील भाग मोजतात.

## टी-स्कोअरची गणना

टी-स्कोअर काढताना स्त्रीच्या अस्थिघनतेतून तरुण स्त्रियांची सरासरी घनता वजा करतात आणि उत्तराला त्या तरुण गटाच्या प्रमाण विचलनाने भागतात. प्रमाण विचलन म्हणजे गटातील आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरलेले आहेत याचे माप. −१.० टी-स्कोअर म्हणजे घनता तरुण सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाने कमी.

मांडीच्या हाडाच्या मानेसाठी अमेरिकेतील एनहेन्स-३ या सर्वेक्षणातील २० ते २९ वयोगटातील गोऱ्या स्त्रियांची आकडेवारी आंतरराष्ट्रीय संदर्भ म्हणून वापरतात. त्या गटाची सरासरी ०.८५८ आणि प्रमाण विचलन ०.१२० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर आहे. एखाद्या स्त्रीच्या मानेची घनता ०.६०६ असेल, तर फरक ०.२५२ येतो, त्याला ०.१२० ने भागल्यास टी-स्कोअर −२.१ मिळतो.

भारतीय स्त्रियांच्या अहवालातही बहुधा हाच परदेशी संदर्भ असतो. काही यंत्रांत भारतीय किंवा आशियाई संदर्भ निवडता येतो. त्याची सरासरी कमी असल्यास त्याच हाडाचा टी-स्कोअर कमी उणे दिसतो. त्यामुळे दोन केंद्रांचे अहवाल समोर असल्यास प्रत्येकात कोणता संदर्भगट वापरला आहे हे प्रथम पाहावे लागते. तो अहवालात नमूद असतो.

## वर्गवारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी पुढील वर्ग ठरवले:

* सामान्य : टी-स्कोअर −१.० किंवा त्याहून अधिक.
* ऑस्टिओपेनिया (कमी अस्थिघनता) : −१.० आणि −२.५ यांच्या दरम्यान.
* ऑस्टिओपोरोसिस : −२.५ किंवा त्याहून कमी.
* तीव्र ऑस्टिओपोरोसिस : −२.५ किंवा त्याहून कमी आणि सोबत ठिसूळपणामुळे झालेला एक किंवा अधिक अस्थिभंग.

मणके, मांडीच्या हाडाची मान आणि संपूर्ण खुबा यांपैकी सर्वांत कमी टी-स्कोअर ज्याचा असेल त्यावरून वर्ग ठरतो. तिन्हींची सरासरी काढत नाहीत.

उभ्या उंचीवरून पडल्याने किंवा त्याहून किरकोळ कारणाने खुबा अथवा मणका मोडला असल्यास टी-स्कोअर −२.५ पर्यंत खाली आलेला नसतानाही ऑस्टिओपोरोसिसचे निदान करता येते. मणक्याचा असा अस्थिभंग अनेकदा कळतही नाही. तरुणपणाच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटरहून अधिक घट झालेली असणे ही त्याची एक खूण आहे. अशा वेळी पाठीचे बाजूने घेतलेले क्ष-किरण चित्र किंवा डेक्सा यंत्रावरच घेतलेली मणक्यांची बाजूची प्रतिमा तपासली जाते.

## झेड-स्कोअरचा अर्थ

झेड-स्कोअरमध्ये तुलना समान वयाच्या आणि लिंगाच्या व्यक्तींशी होते. वय वाढते तशी संपूर्ण गटाचीच घनता उतरत असल्यामुळे वृद्ध स्त्रीचा झेड-स्कोअर टी-स्कोअरपेक्षा चांगला दिसतो. टी-स्कोअर −२.६ असलेल्या सत्तरीतील स्त्रीचा झेड-स्कोअर शून्याच्या जवळ असू शकतो. याचा अर्थ तिची हाडे मजबूत आहेत असा नसून तिच्या वयाच्या इतर अनेक स्त्रियांची हाडेही तितकीच विरळ झाली आहेत, एवढाच आहे. अस्थिभंगाचा धोका हाडाच्या प्रत्यक्ष स्थितीवर अवलंबून असतो. समवयस्कांशी बरोबरी असल्याने तो कमी होत नाही.

झेड-स्कोअर −२.० किंवा त्याहून कमी असल्यास घनता 'वयानुसार अपेक्षित मर्यादेपेक्षा कमी' मानली जाते. वृद्ध स्त्रीत असा आकडा आल्यास वय आणि रजोनिवृत्ती यांखेरीज आणखी काही कारण आहे का, याचा शोध घेतला जातो. थायरॉइड किंवा पॅराथायरॉइड ग्रंथींची अतिक्रियाशीलता, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, अन्नशोषणात अडथळा आणणारा सीलिअॅक रोग आणि मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग ही त्यांपैकी काही कारणे होत. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने होणाऱ्या अस्थिमार्दवातही (ऑस्टिओमलेशिया) घनता घटते. डेक्साला अस्थिमार्दव आणि ऑस्टिओपोरोसिस यांतील फरक कळत नाही. त्यासाठी रक्ततपासण्या लागतात. मात्र झेड-स्कोअर −२.० पेक्षा चांगला असल्याने ही कारणे नाहीत असे सिद्ध होत नाही.

## मणक्यांचा फसवा आकडा

वृद्ध स्त्रियांच्या अहवालातील सर्वांत नेहमीची अडचण मणक्यांच्या आकड्यात असते. वयोमानाने मणक्यांच्या कडांना वाढलेली हाडे, झिजलेल्या सांध्यांचे कठीण होणे आणि पोटातील महारोहिणीच्या भिंतीत साठलेले कॅल्शियम हे सर्व क्ष-किरण शोषून घेतात आणि यंत्र ते हाडाच्या खनिजात धरते. दबून मोडलेल्या मणक्यातही तेवढेच खनिज कमी क्षेत्रफळात आल्याने घनता वाढलेली दिसते. परिणामी मणक्यांचा टी-स्कोअर प्रत्यक्षापेक्षा चांगला येतो.

म्हणून चार मणक्यांचे आकडे सुटे वाचले जातात. एखाद्या मणक्याचा टी-स्कोअर शेजारच्या मणक्यापेक्षा १.० हून अधिक वेगळा असल्यास किंवा प्रतिमेत तो विकृत दिसत असल्यास तो वगळतात. निदानासाठी किमान दोन मणके उरावे लागतात; तसे न झाल्यास मणक्यांचा आकडा सोडून इतर भागांवर निर्णय घेतात.

## उदाहरण

७२ वर्षांच्या एका काल्पनिक स्त्रीच्या अहवालात पुढील टी-स्कोअर आहेत: एल१ ते एल४ एकत्रित −१.२, मांडीच्या हाडाची मान −२.१, संपूर्ण खुबा −१.९. मानेचा झेड-स्कोअर −०.४ आहे. सर्वांत कमी आकडा −२.१ असल्याने अहवालाच्या तळाशी 'ऑस्टिओपेनिया' असे छापलेले आहे.

मणक्यांचे सुटे आकडे मात्र असे आहेत: एल१ −२.७, एल२ −२.६, एल३ −०.६ आणि एल४ +०.७. एल२ आणि एल३ यांत २.० चा, तर एल३ आणि एल४ यांत १.३ चा फरक आहे. प्रतिमेत खालच्या दोन मणक्यांच्या कडांना हाडे वाढलेली दिसतात. हे दोन मणके वगळून एल१ आणि एल२ यांची एकत्र गणना केल्यावर टी-स्कोअर −२.६ येतो आणि वर्ग 'ऑस्टिओपोरोसिस' असा बदलतो. हाड तेच आहे. झिजेमुळे झाकला गेलेला आकडा केवळ उघड झाला. −०.४ या झेड-स्कोअरचा या निदानावर परिणाम होत नाही.

## वर्ग आणि धोका

घनता एका प्रमाण विचलनाने घटली की अस्थिभंगाचा धोका साधारणतः दीड ते दोन पट होतो. खुब्याच्या घनतेवरून खुब्याच्या अस्थिभंगाचा अंदाज घेतल्यास ही वाढ सुमारे अडीच पट असते. धोका असा सलग वाढत जातो, −२.४ आणि −२.५ यांच्यामध्ये हाडात कोणताही अचानक बदल होत नाही. ऑस्टिओपेनिया असलेल्या स्त्रियांची संख्या मोठी असल्यामुळे एकूण अस्थिभंगांपैकी बरेचसे याच वर्गात होतात, जरी प्रत्येक स्त्रीचा धोका ऑस्टिओपोरोसिसपेक्षा कमी असला तरी.

वयाचा परिणाम स्वतंत्र असतो. −२.५ हाच टी-स्कोअर असताना ८० वर्षांच्या स्त्रीचा खुबा मोडण्याचा धोका ५० वर्षांच्या स्त्रीपेक्षा अनेक पटींनी अधिक असतो, कारण वयाबरोबर हाडाची घडण बिघडते आणि पडण्याचे प्रसंगही वाढतात. म्हणून ऑस्टिओपेनियात औषध द्यावे की नाही हे केवळ टी-स्कोअरवर ठरवत नाहीत. शेफील्ड विद्यापीठात विकसित झालेले आणि २००८ मध्ये उपलब्ध झालेले फ्रॅक्स हे गणनसाधन वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइडचा वापर, धूम्रपान इत्यादी माहितीवरून पुढील १० वर्षांतील धोका काढते. त्यात भारतासाठी स्वतंत्र प्रारूप आहे. अमेरिकेतील मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑस्टिओपेनियात खुब्याच्या अस्थिभंगाचा धोका ३% किंवा प्रमुख अस्थिभंगांचा एकत्रित धोका २०% झाल्यास औषधोपचाराचा विचार केला जातो. इतर देशांत या मर्यादा वेगळ्या असू शकतात.

## पुढील अहवालाशी तुलना

उपचाराचा परिणाम पाहताना टी-स्कोअरऐवजी मूळ घनतेचे आकडे ताडून पाहतात. प्रत्येक मोजणीत थोडी चूक संभवते; स्त्रीची झोपण्याची स्थिती किंवा पायाचा कोन बदलला तरी आकडा हलतो. त्यामुळे प्रत्येक केंद्राने 'किमान अर्थपूर्ण बदल' ठरवणे अपेक्षित असते. तो मणक्यांसाठी ५.३% आणि संपूर्ण खुब्यासाठी ५.०% याहून अधिक नसावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. दोन वर्षांत घनता २% ने घटलेली दिसली, तर ती खरी घट आहे असे म्हणता येत नाही. भिन्न उत्पादकांच्या यंत्रांवरील घनतेचे आकडेही थेट तुलनीय नसतात. म्हणून पुनर्तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर केली जाते.

टाचेच्या ध्वनिलहरी तपासणीतही 'टी-स्कोअर' छापला जातो. आरोग्य शिबिरांत ही तपासणी केली जाते. तथापि वरील वर्गवारी डेक्साच्या मोजणीसाठी असल्याने ती टाचेच्या आकड्याला लागू होत नाही. टाचेचा आकडा कमी आल्यास निदानासाठी खुबा आणि मणक्यांचे डेक्सा स्कॅन करावे लागते.