मामा का हसतोय?

आजोळचं घर पाडायच्या आदल्या दिवशी मी एकशेचाळीस फोटो काढले. त्यांतले दहा निवडले, काढले त्याच क्रमाने पोस्ट केले आणि झोपले. सकाळी आईचा फोन. "अगं, घर पडतंय म्हणून मामा खूश आहे असं दिसतंय त्यात!" चौथा फोटो रिकाम्या देवघराचा होता, पाचवा खळखळून हसणाऱ्या मामाचा. मामा हसला होता माझ्या भाच्याच्या एका वाक्यावर. पण बोटाने सरकवणाऱ्याला ते कसं कळणार?

शेजारचा फोटो अर्थ बदलतो, हे रॉबर्ट फ्रँकला चांगलं ठाऊक होतं. मूळ स्वित्झर्लंडचा हा फोटोग्राफर १९५५मध्ये गुगनहाइम फेलोशिप घेऊन अमेरिकाभर फिरायला निघाला. परतल्यावर हातात सुमारे सत्तावीस हजार फ्रेम्स होत्या. त्यांतल्या हजारेक फोटोंच्या साध्या प्रिंट्स काढून त्याने त्या समोर मांडल्या आणि गाळत गाळत ८३ ठेवल्या. 'द अमेरिकन्स' हे पुस्तक १९५८मध्ये पॅरिसला आणि १९५९मध्ये अमेरिकेत आलं. फ्रेंच आवृत्तीत फोटोंसमोर लेखकांचे उतारे होते. अमेरिकन आवृत्तीतून ते गेले. उरलं फक्त पान उलटणं.

फोटोंचा क्रम प्रवासाचा नव्हताच. एका फोटोत कॅलिफोर्नियातली कापडाने झाकलेली गाडी आहे. पान उलटलं की अ‍ॅरिझोनातला रस्ता येतो. अपघातात गेलेल्या माणसांवर पांघरूण आहे आणि चार जण बाजूला उभे आहेत. पुढच्या पानावर न्यू मेक्सिकोतला लांबलचक सुनसान हायवे. तीन राज्यं, तीन वेगळे प्रसंग. पण कापडाचा आकार पहिल्याला दुसऱ्याशी जोडतो आणि मग तो हायवे नुसता हायवे राहत नाही. असं जोडणारं काही नसेल, तर सुंदर फोटोही त्या जागी उपरा वाटतो.

इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये दहा फोटो टाकायची सोय २०१७मध्ये आली, २०२४मध्ये मर्यादा वीस झाली. जागा वाढली म्हणून ती भरायलाच हवी असं नाही.

मी पोस्ट काढून टाकली आणि फोटो पुन्हा मांडले. ओसरीचे तीन फोटो एकच गोष्ट सांगत होते, दोन गेले. मावळतीचा फोटो देखणा होता, पण कुठेच जुळेना, तोही गेला. चादरीखालच्या शिलाई मशीननंतर चादरीत बांधलेलं भांड्यांचं गाठोडं ठेवलं. मामाच्या आधी भाचा आणला, तोंड उघडं, बोलताना. आता हसू कशाचं ते कळत होतं. रिकामं देवघर सगळ्यात शेवटी ठेवलं. त्याच्यापुढे सरकवायला काही उरायला नको होतं.

सात फोटो झाले. पोस्ट करण्याआधी आईला दाखवले. ती शेवटच्यावर थांबली.

"मामाला पाठव," म्हणाली.